एकसंकर, द्विसंकर आणि पनेट चौकोन: सरावपत्रिका सोडवताना पडणारे प्रश्न

आनुवंशिकतेच्या सरावपत्रिका तपासताना माझ्या लाल पेनाची रेघ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पडते. चौकोनाच्या आतली घरं मुलं बिनचूक भरतात, पण चौकोनाच्या कडेला लिहिलेली युग्मकंच चुकलेली असतात. म्हणून खालच्या उत्तरांत सगळ्यात जास्त वेळ मी त्या कडेवर घालवला आहे. उदाहरण शेवटपर्यंत मुख्यतः एकच ठेवलं आहे: वाटाण्याच्या दाण्याचा आकार आणि रंग. गोल असेल तर R, सुरकुतलेला असेल तर r. पिवळा Y, हिरवा y.

एकसंकर आणि द्विसंकर यांत फरक काय?

पाहायच्या लक्षणांच्या संख्येचा. फक्त आकार पाहिला तर एकसंकर, आकार आणि रंग दोन्ही पाहिले तर द्विसंकर. झाडं तीच, परागीभवनही तेच. आपण किती गोष्टींची नोंद ठेवतो एवढंच बदलतं.

युग्मकात जोडीतलं एकच अक्षर का लिहायचं?

कारण युग्मक म्हणजे अर्धा वाटा. झाडाच्या साध्या पेशीत प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेली. परागकण किंवा बीजांड तयार होताना अर्धसूत्री विभाजन होतं आणि या दोन प्रती वेगळ्या होतात. म्हणून Rr झाडाची निम्मी युग्मकं R घेऊन निघतात आणि निम्मी r घेऊन. Rr अशी जोडी असलेलं युग्मक साध्या संकरात तयार होत नाही. ते तयार झालं असतं, तर दर पिढीत अक्षरं दुप्पट झाली असती.

सरावपत्रिकेत युग्मक लिहिलं की स्वतःला एकच प्रश्न विचारा: प्रत्येक लक्षणाचं बरोबर एक अक्षर आहे ना? एकसंकरात युग्मक एकाक्षरी असतं, द्विसंकरात दोन अक्षरी. दोन अक्षरी म्हणजे R किंवा r यांतलं एक, आणि Y किंवा y यांतलं एक. 'Rr' हे द्विसंकरातलं युग्मक होऊ शकत नाही, कारण त्यात आकार दोनदा आला आणि रंग राहूनच गेला.

Rr × Rr चा चौकोन कसा मांडायचा?

एका पालकाची युग्मकं वरच्या ओळीत, दुसऱ्याची डाव्या रकान्यात. मग प्रत्येक घरात वरचं आणि डावीकडचं अक्षर एकत्र लिहायचं. मोठं अक्षर आधी लिहायची पद्धत आहे, म्हणजे rR न लिहिता Rr.

```
       R     r
R     RR    Rr
r     Rr    rr
```

जीनोटाइप, म्हणजे अक्षरांची जोडी, पाहिली तर 1 RR : 2 Rr : 1 rr. फिनोटाइप, म्हणजे डोळ्यांना दिसणारं रूप, पाहिलं तर RR आणि Rr दोन्ही गोल दिसतात, कारण R प्रभावी आणि r अप्रभावी, म्हणून 3 गोल : 1 सुरकुतलेला. प्रश्नात दोन्हींपैकी कोणतं गुणोत्तर मागितलं आहे ते नीट वाचा. 'फिनोटाइप गुणोत्तर 1:2:1' असं लिहून आलेल्या पत्रिकांचा ढीग माझ्याकडे आहे.

हा चौकोन रेजिनाल्ड पनेट या ब्रिटिश आनुवंशिकी शास्त्रज्ञाचा. मेंडेलने आपले निष्कर्ष 1865 मध्ये ब्रनो इथल्या व्याख्यानांत मांडले आणि 1866 मध्ये छापले. पनेट तर जन्मला 1875 मध्ये. 'मेंडेलने पनेट चौकोन काढला' हे वाक्य तेवढं टाळा.

'प्रभावी' म्हणजे ताकदवान का? R हा r ला दाबतो म्हणजे नक्की काय करतो?

दाबत वगैरे काही नाही. हा शब्द डोक्यात घट्ट बसतो आणि मग मुलं 'प्रभावी लक्षण जास्त लोकांत असतं' असली विधानं करू लागतात. ती चूक आहेत.

वाटाण्याच्या आकाराचं कारण आज रेणूंच्या पातळीवर माहीत आहे. R हे जनुक स्टार्चला फांद्या फोडणारं एक विकर बनवतं. r मध्ये त्याच जनुकात सुमारे 800 बेसचा एक आगंतुक तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे ते विकर नीट बनत नाही. rr दाण्यात स्टार्च कमी होतो आणि साखर साठून राहते. साखरेमुळे वाढत्या दाण्यात पाणी जास्त ओढलं जातं आणि दाणा फुगतो. पुढे तो वाळला की पाणी उडून जातं आणि सैल पडलेल्या सालीवर सुरकुत्या पडतात.

Rr दाण्यात R ची एक प्रत चालू असते. तिच्यापासून मिळणारं विकर दाणा गोल राहण्यापुरतं पुरतं. r काही करतच नाही, म्हणून त्याचा मागमूस दिसत नाही. गंमत अशी की Rr दाण्यातले स्टार्चचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर ते RR आणि rr यांच्या मधले दिसतात. म्हणजे प्रभावीपणा आपण कोणत्या पातळीवर पाहतो त्यावरही अवलंबून आहे. सरावपत्रिकेपुरतं मात्र 'बाहेरून दिसणारा आकार' हीच पातळी धरा.

चौकोनात चार घरं आहेत, म्हणजे चार दाण्यांत एक हमखास सुरकुतलेला?

नाही. घर म्हणजे दाणा नव्हे, घर म्हणजे शक्यता. प्रत्येक दाण्यासाठी नाणी नव्याने उडवली जातात आणि आधीच्या दाण्याचा पुढच्यावर काही परिणाम होत नाही. Rr × Rr मध्ये चारही दाणे गोल निघण्याची शक्यता 3/4 × 3/4 × 3/4 × 3/4, म्हणजे 81/256 आहे. ढोबळमानाने तीनांत एकदा असं होईल.

मेंडेलच्या स्वतःच्या नोंदींतच हे दिसतं. एका झाडावर त्याला 45 गोल आणि 12 सुरकुतलेले दाणे मिळाले, दुसऱ्यावर 19 आणि 10. अगदी टोकाच्या एका झाडावर 43 गोल आणि फक्त 2 सुरकुतलेले, तर आणखी एकावर 14 आणि 15. एवढ्यावरून कुणालाही 3:1 सुचलं नसतं. पण सगळ्या झाडांचे दाणे एकत्र मोजल्यावर 5474 गोल आणि 1850 सुरकुतलेले भरले, म्हणजे 2.96:1. गुणोत्तर उमटायला संख्या मोठी लागते.

F1 झाडाच्या शेंगेतले दाणे F1 की F2?

F2. शुद्ध पालकांच्या संकराची पहिली पिढी ती F1 आणि तिच्या स्वपरागीभवनातून येणारी पुढची ती F2. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण तो विचारणाऱ्याने खरंच विचार केलेला असतो. दाण्याचा आकार आणि आतला रंग ही त्या दाण्यातल्या गर्भाची लक्षणं आहेत आणि गर्भ ही पुढची पिढी आहे. F1 झाडाचं स्वपरागीभवन झालं की त्याच्या एकाच शेंगेत गोल आणि सुरकुतलेले दाणे शेजारी शेजारी बसलेले दिसतात. फुलाच्या किंवा उंचीच्या बाबतीत असं नसतं. F2 ची उंची पाहायला F2 दाणे पेरून झाडं वाढवावी लागतात.

RrYy ची युग्मकं कशी काढायची?

R च्या जोडीतलं एक अक्षर घ्या, त्याला Y च्या जोडीतलं प्रत्येक अक्षर लावून पाहा. R बरोबर Y, R बरोबर y, r बरोबर Y, r बरोबर y. झाली चार: RY, Ry, rY, ry. चारही सारख्याच प्रमाणात, प्रत्येकी 1/4.

सारख्या प्रमाणात का, तर आकाराचं आणि रंगाचं जनुक वाटाण्याच्या वेगवेगळ्या गुणसूत्रांवर आहे. अर्धसूत्री विभाजनात गुणसूत्रांच्या जोड्या पेशीच्या मध्यावर येतात, तेव्हा एका जोडीतलं कोणतं गुणसूत्र कोणत्या बाजूला जाईल याच्याशी दुसऱ्या जोडीचं काही देणंघेणं नसतं. R ज्या बाजूला गेला त्या बाजूला Y जाईल की y, हे दर पेशीगणिक नव्याने ठरतं. मेंडेलचा स्वतंत्र विभक्तीकरणाचा नियम तो हाच.

युग्मकांचे प्रकार किती होतील हे आधीच मोजता येतं. जीनोटाइपमध्ये मिश्र जोड्या, म्हणजे Rr किंवा Yy सारख्या, किती ते पाहा आणि 2 चा तेवढा घात करा. RrYy मध्ये मिश्र जोड्या दोन, म्हणून 4 प्रकार. Rryy मध्ये एकच, म्हणून 2 प्रकार: Ry आणि ry. RRyy मध्ये एकही नाही, म्हणून एकच प्रकार: Ry. काही जण Rryy साठी Ry, Ry, ry, ry अशी चार लिहितात. त्याने उत्तर चुकत नाही, कारण प्रमाण तेच राहतं. फक्त घरं दुप्पट भरावी लागतात.

सोळा घरांचा चौकोन कसा तपासायचा?

आधी तो पाहू. RrYy × RrYy:

```
       RY     Ry     rY     ry
RY    RRYY   RRYy   RrYY   RrYy
Ry    RRYy   RRyy   RrYy   Rryy
rY    RrYY   RrYy   rrYY   rrYy
ry    RrYy   Rryy   rrYy   rryy
```

युग्मकं दोन्ही बाजूंना याच क्रमाने लिहिली तर तपासणी नजरेनेच होते. वरचा डावा कोपरा RRYY, खालचा उजवा rryy. उजव्या वरच्या कोपऱ्यापासून डाव्या खालच्या कोपऱ्यापर्यंतच्या तिरप्या रेषेत चारही घरं RrYy. हे जुळलं नाही तर कुठेतरी अक्षर निसटलं आहे.

मग मोजा. ज्यात निदान एक R आणि निदान एक Y आहे ती 9 घरं गोल-पिवळी. R आहे पण yy, अशी 3 गोल-हिरवी. rr आहे पण Y आहे, अशी 3 सुरकुतलेली-पिवळी. rryy हे 1 सुरकुतलेलं-हिरवं. हेच ते 9:3:3:1.

आता फक्त आकार मोजा, रंग विसरून जा. गोल 9 + 3 = 12, सुरकुतलेली 3 + 1 = 4. पुन्हा 3:1! रंगाचंही तेच, 12 पिवळी आणि 4 हिरवी. म्हणजे 9:3:3:1 हे दोन 3:1 गुणोत्तरांच्या गुणाकारातून आलं आहे.

मग सोळा घरं भरायचीच कशाला?

पत्रिकेत 'पनेट चौकोन काढा' असं म्हटलं असेल तर काढावाच लागेल. नुसतं गुणोत्तर विचारलं असेल तर मी गुणाकारच करतो. दोन लक्षणं वेगळी करायची, प्रत्येकाचा छोटा क्रॉस सोडवायचा आणि अपूर्णांक गुणायचे.

एक उदाहरण: RrYy × Rryy, एकूण 160 दाणे. प्रत्येक प्रकारचे किती अपेक्षित?

आकार: Rr × Rr, म्हणून 3/4 गोल, 1/4 सुरकुतलेले.
रंग: Yy × yy, म्हणून 1/2 पिवळे, 1/2 हिरवे.

गोल-पिवळे 3/4 × 1/2 = 3/8, म्हणजे 60. गोल-हिरवेही 3/8, म्हणजे 60. सुरकुतलेले-पिवळे 1/4 × 1/2 = 1/8, म्हणजे 20. सुरकुतलेले-हिरवेही 20. बेरीज 160 आली, गुणोत्तर 3:3:1:1.

द्विसंकर दिसला की डोळे मिटून 9:3:3:1 लिहिणाऱ्यांना पकडण्यासाठीच असले प्रश्न घातलेले असतात. ते गुणोत्तर फक्त दोन्ही पालक दोन्ही लक्षणांत मिश्र असतील तेव्हाच येतं.

दाण्यांची संख्या दिली आहे, पालक ओळखायचे आहेत. कुठून सुरू करू?

इथेही दोन लक्षणं वेगळी करण्यापासूनच. समजा पत्रिकेत असं दिलं आहे: एक पालक गोल-पिवळा, दुसरा सुरकुतलेला-पिवळा. संतती: गोल-पिवळे 61, सुरकुतलेले-पिवळे 58, गोल-हिरवे 19, सुरकुतलेले-हिरवे 22.

चार आकड्यांकडे एकदम पाहिलं की गोंधळ उडतो. फक्त आकार घ्या: गोल 61 + 19 = 80, सुरकुतलेले 58 + 22 = 80. म्हणजे 1:1. एक पालक सुरकुतलेला आहे, म्हणून तो rr. निम्मी संतती सुरकुतलेली निघाली, म्हणजे गोल पालकाने r पण दिला आहे. तो Rr.

आता रंग: पिवळे 61 + 58 = 119, हिरवे 19 + 22 = 41. हे 3:1 च्या जवळ आहे. दोन्ही पालक पिवळे असून हिरवे दाणे निघाले, तेव्हा दोघांकडे y असलाच पाहिजे. दोघेही Yy.

उत्तर: RrYy × rrYy. सुरुवात नेहमी अप्रभावी रूपापासून करा. सुरकुतलेला दाणा दिसला की तो rr हे ठाम माहीत असतं. गोल दाणा मात्र RR की Rr हे नुसतं पाहून कळत नाही.

चाचणी संकर म्हणजे काय? त्यात अप्रभावी पालकच का लागतो?

गोल-पिवळ्या दाण्याच्या आत काय आहे हे शोधायचं असेल तर त्याच्या झाडाचा संकर rryy शी करतात. rryy फक्त ry युग्मकं देतं. त्यामुळे संततीत जे काही दिसतं ते दुसऱ्या पालकाच्या युग्मकांचं थेट प्रतिबिंब असतं.

मेंडेलने F1 झाडांचा असा संकर केला तेव्हा त्याला 55 गोल-पिवळे, 51 गोल-हिरवे, 49 सुरकुतलेले-पिवळे आणि 53 सुरकुतलेले-हिरवे दाणे मिळाले. 1:1:1:1. युग्मकांचे चार प्रकार सारख्याच प्रमाणात बनतात याचा यापेक्षा सरळ पुरावा शोधून सापडणार नाही. युग्मक डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही, पण इथे ते मोजलं गेलं.

मिळालेले आकडे गुणोत्तराशी जुळतात असं कधी म्हणायचं?

खालच्या वर्गांत 'जवळपास' चालतं. वरच्या वर्गांत काय-वर्ग चाचणी करतात: प्रत्येक गटासाठी प्रत्यक्ष आणि अपेक्षित संख्यांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, अपेक्षित संख्येने भागा, आणि सगळ्यांची बेरीज करा. मेंडेलच्या द्विसंकरात 556 दाणे होते: 315 गोल-पिवळे, 108 गोल-हिरवे, 101 सुरकुतलेले-पिवळे, 32 सुरकुतलेले-हिरवे. 9:3:3:1 प्रमाणे अपेक्षित 312.75, 104.25, 104.25 आणि 34.75. बेरीज 0.47 येते. चार गटांसाठी 5 टक्के पातळीची मर्यादा 7.815 आहे, म्हणून फरक योगायोगाचा मानता येतो.

एक सूचना: ही चाचणी मूळ संख्यांवर करायची, टक्केवारीवर नाही. टक्के घेतले की नमुना 100 चा असल्यासारखं गणित होतं आणि उत्तर फसतं.

1:2:1 हे फिनोटाइपचं गुणोत्तर कधीच येत नाही का?

येतं, अपूर्ण प्रभाविता असेल तेव्हा. गुलबक्षीच्या लाल आणि पांढऱ्या फुलांच्या शुद्ध झाडांचा संकर केला की F1 गुलाबी येतं आणि F2 मध्ये 1 लाल : 2 गुलाबी : 1 पांढरं. चौकोन तोच, फक्त मिश्र जोडी वेगळी ओळखू येते.

9:3:3:1 यायला हवं होतं, पण आकडे भलतेच आले. चौकोन चुकला?

कदाचित चौकोनामागचं गृहीतकच लागू नसेल. बेटसन, साँडर्स आणि पनेट यांना हाच अनुभव स्वीट पी या फुलझाडावर आला. जांभळी फुलं आणि लांबट परागकण असलेल्या शुद्ध झाडांचा संकर त्यांनी लाल फुलं आणि गोल परागकण असलेल्यांशी केला. F2 मध्ये जांभळी-लांबट 4831, जांभळी-गोल 390, लाल-लांबट 393, लाल-गोल 1338 अशी झाडं मिळाली. एकूण 6952. 9:3:3:1 प्रमाणे मधले दोन गट प्रत्येकी सुमारे 1303 हवे होते.

आता आपली नेहमीची युक्ती वापरा. फक्त रंग: जांभळी 5221, लाल 1731. फक्त परागकण: लांबट 5224, गोल 1728. दोन्ही अगदी 3:1! म्हणजे प्रत्येक लक्षण एकेकटं नीट वागतं आहे. बिघाड आहे तो दोघांच्या एकत्र येण्यात. आजोबा-आजींकडून जी अक्षरं जोडीने आली होती, ती पुढेही जोडीनेच जात होती, कारण ही दोन जनुकं एकाच गुणसूत्रावर जवळजवळ आहेत. याला सहलग्नता म्हणतात. विभाजनात गुणसूत्रांची अधूनमधून तुकड्यांची अदलाबदल होते, त्यातून ते 390 आणि 393 आले.

अशा वेळी चौकोन काढता येतो, पण कडेच्या युग्मकांना 1/4 असं समान वजन देता येत नाही. प्रत्येक युग्मकाशेजारी त्याचं खरं प्रमाण लिहावं लागतं आणि घरात दोन प्रमाणांचा गुणाकार.

प्रश्नात सहलग्नतेबद्दल काहीच म्हटलं नसेल तर?

जनुकं स्वतंत्र धरा आणि उत्तराच्या पहिल्या ओळीत तसं लिहा. आकडे दिलेले असतील तर मात्र आधी दोन्ही लक्षणं वेगवेगळी मोजून पाहा.